जिभेवरची पट्टी नसलेला बूट : खानापूरच्या नोंदी

रविवार, 8 सप्टेंबर 2024

जूनपासून चालू असलेल्या बूट-वहीत आज पहिल्यांदा अशी नोंद करतोय, जिच्यात बूटच नाही, फक्त फोटो आहे.

वहीचं काम साधं आहे. बेळगावात नियमित पळणारी मंडळी आपले वापरलेले बूट आमच्याकडे देतात आणि आम्ही ते खानापूर भागातल्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना देतो. प्रत्येक जोडाचं मॉडेल, माप आणि तळ किती झिजलाय हे लिहून ठेवायचं, म्हणजे कुणाच्या पायाला काय मानवलं ते पुढच्या वेळी कळतं. आतापर्यंत 26 जोड झाले. त्या सगळ्यांच्या लेसखालच्या जिभेच्या आत छोटी पट्टी होती, त्यामुळे ओळखण्यात डोकं घालावं लागलं नाही. पट्टीवर अमेरिकन, ब्रिटिश, युरोपियन माप आणि सेंटिमीटर असतात, खाली बनावटीच्या तारखा आणि मॉडेलचा कोड असतो. तोच कोड खोक्यावरही असतो. कोड टाकून शोधलं की बूट सापडतो.

आजच्या मुलाकडे यातलं काहीच नाही. पुण्यात कामाला असलेल्या चुलतभावाला एका सहकाऱ्याने बूट दिले, भावाने याला दिले. खोकं कधी आलंच नाही. पट्टी पळताना घोट्याच्या वर घासत होती म्हणून त्याने ब्लेडने कापून टाकली. जुलैत तो महिनाभर पुण्यात कामाला गेला आणि परत येताना बूट भावाच्या खोलीवरच राहिले. भावाला गणपतीला सुट्टी मिळाली नाही, म्हणजे बूट इतक्यात येणार नाहीत.

तो फोनवर म्हणाला, "सर, तेच बूट पायजेत. दुसरे घालून पळूलालो तर नडगी दुखूलालीय." मी कंपनी विचारली. "नाइकी. काळे." एवढंच त्याला माहीत. मग त्याने जूनमधला एक फोटो पाठवला. शाळेच्या मैदानावर 1600 मीटर पळून झाल्यावर काढलेला आहे. एकच बूट, बाजूने, पायात घातलेला.

मंगळवार, 10 सप्टेंबर

गौरी यायच्या गडबडीत दिवस गेला, रात्री फोटो घेऊन बसलो.

आधी हे ठरवायचं की ही बुटाची कुठली बाजू आहे, बाहेरची की आतली. जुन्या विक्रीच्या पानांवर बहुतेक वेळा बाहेरची बाजू दाखवलेली असते. आतल्या बाजूच्या फोटोशी ती ताडून बघितली तर भलत्याच गोष्टी वेगळ्या वाटतात. नियम असा बसतो: नाक उजवीकडे असेल, तर ती उजव्या बुटाची बाहेरची बाजू असते किंवा डाव्या बुटाची आतली. या फोटोत नाक उजवीकडे आहे आणि बोटांकडची कड आपल्यापासून लांब वळत जाते. आतली बाजू असती तर अंगठ्याकडची कड बरीच सरळ दिसली असती. शिवाय मागे दुसरा पाय दिसतोय, तो डावा आहे. म्हणजे हा उजवा बूट, बाहेरची बाजू.

इथे एक शंका आली होती. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा होतो, मग बाजू चुकेल का? कागदावर काढून बघितलं. उलटल्याने डावा बूट उजवा वाटतो, पण बाहेरची बाजू बाहेरचीच राहते. त्यामुळे ताडून बघण्यासाठी फोटो हवा तसा आडवा उलटवायला हरकत नाही. फक्त अक्षरं असतील तर ती उलटी दिसतील.

चिन्ह स्पष्ट आहे, नाइकीचंच. अर्थात चिन्हावरून कंपनी कळते, मॉडेल कळत नाही.

बुधवार, 11 सप्टेंबर

आज मुख्य काम झालं. कसं केलं ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढच्या जोडांना हीच रीत लागेल.

माझी सुरुवातीची चूक अशी की मी रंग बघून शोधत होतो. काळे, पांढऱ्या चिन्हाचे पळायचे बूट म्हटलं की शेकडो फोटो येतात. रंग दर हंगामाला बदलतात आणि एकाच मॉडेलचे डझनावारी रंग निघतात. म्हणून रंग शेवटी बघायचा. सुरुवात खालून करायची.

त्याचं कारण बूट बनवण्यातच आहे. मधला जाड सोल, म्हणजे फोमचा भाग, धातूच्या साच्यातून निघतो. प्रत्येक मापाला वेगळा साचा, डाव्या-उजव्याला वेगळा. हा खर्च मोठा असतो, म्हणून कंपनी तोच सोल सहसा दोन वर्षं चालवते. वरचं कापड बदलणं त्या मानाने स्वस्त, ते दरवर्षी बदलतं. त्यामुळे सोल बघितला की दोन वर्षांचा गट कळतो, आणि वरचं कापड बघितलं की त्या दोनांतलं नेमकं वर्ष कळतं.

नाइकीच्या पेगाससमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. हे मॉडेल 1983 पासून चालू आहे आणि 33 ते 38 या काळात दरवर्षी एक क्रमांक पुढे सरकत गेला. 33 आणि 34 यांचा सोल एक. 35 आणि 36 यांचा सोल एक. 37 ला फोम बदलला आणि तो सोल 38 ला तसाच राहिला. हे जोडीजोडीने लक्षात ठेवलं की निम्मं काम होतं.

पेगासस हे नाव माझ्या मनात आलं ते टाचेमुळे. फोटोत टाचेची वरची कड सरळ वर न जाता मागे झुकलेली आहे, चोचीसारखी. मधल्या सोलची मागची बाजूही गोल नाही, निमुळती होत मागे आलीय. 34 पर्यंतच्या पेगाससची टाच साधी, पायाला चिकटून वर जाणारी. 2018 च्या 35 ला ही चोच आली. शर्यतीच्या महागड्या बुटांची ठेवण त्यांनी रोजच्या सरावाच्या बुटाला दिली. म्हणजे 33 आणि 34 बाद.

चोच बघून लगेच हुरळून जायचं नाही, कारण जवळून काढलेल्या फोटोत कुठलीही टाच मागे ताणलेली दिसू शकते. हे मी हिशोबाने तपासलं. बूट साधारण 28 सेंटिमीटर लांब धरला आणि तो कॅमेऱ्याला अगदी समांतर नसून 20 अंश तिरका आहे असं मानलं. मग एक टोक मध्यापेक्षा जवळजवळ 5 सेंटिमीटर पुढे येतं, दुसरं तेवढंच मागे जातं. फोटो 40 सेंटिमीटरवरून काढला असेल तर जवळचं टोक लांबच्या टोकापेक्षा सव्वापट मोठं दिसतं. तेच 2 मीटरवरून काढलं तर फरक फक्त 5 टक्क्यांचा राहतो. मुलाला विचारलं तेव्हा कळलं की फोटो मित्राने उभ्यानेच, दोन-अडीच पावलांवरून काढला आणि मी त्यातला बुटाचा भाग कापून मोठा करून बघतोय. लांबून काढलेला असल्याने आकारावर भरवसा ठेवता येतो. मात्र कॅमेरा वरून खाली बघतोय, त्यामुळे सोलची जाडी खरी आहे त्यापेक्षा कमी दिसणार. म्हणून जाडी मोजून काही ठरवलं नाही.

आता उरले 35, 36, 37, 38 आणि पेगासस टर्बो. टर्बो हा 2018 चाच, बांध्याने फार सारखा, फोम वेगळा. त्याच्या वरच्या कापडावर मधोमध एक पट्टा नाकापर्यंत धावतो. बाजूच्या फोटोत नाकाचा वरचा भाग थोडासा दिसतोच, तिथे पट्टा नाही. टर्बो बाद.

37 आणि 38 साठी माझ्याकडे दुसरा आधार होता, आमच्याच वहीतला जोड क्रमांक 14. तो पेगासस 36 आहे, पट्टी शाबूत, कोड `AQ2203` ने सुरू होतो. तो जोड कट्ट्यावर ठेवला, मुलाच्या फोटोत कॅमेरा जिथे असावा त्याच उंचीवरून आणि अंतरावरून फोटो काढला, दोन्ही फोटो एकाच लांबीचे केले आणि जमिनीची रेघ आडवी करून वरखाली लावले. सोलच्या अंगावर साच्याने उठलेल्या रेघा जिथे सुरू होतात, जिथे वळतात, नाक जमिनीपासून जिथून उचललं जातं, सगळं एकावर एक बसलं. म्हणजे सोल 35/36 चाच. 37 आणि 38 बाद.

राहिले दोन. इथे वरच्या कापडाकडे यायचं. 36 मध्ये लेसच्या भोकांपासून खाली सोलकडे जाणाऱ्या बारीक दोऱ्या बाहेर उघड्या दिसतात. लेस ओढली की त्या दोऱ्या मधला पाय आवळतात. 35 मध्ये अशा दोऱ्या वर उघड्या दिसत नाहीत, जाळीचं कापड सलग दिसतं. फोटो मोठा केला तर मधल्या भागात, सोलच्या वर, चार-पाच बारीक फिकट रेघा दिसल्या.

वहीत लिहिलं: पेगासस 36. रात्री साडेअकरा.

रविवार, 15 सप्टेंबर

बुधवारची नोंद चुकीची होती. ती खोडत नाही, चूक कशी झाली ते कळायला हवं.

आज मुलगा स्वतः आला होता. त्याला 14 नंबरचा जोड घालून बघायला दिला. म्हणाला, "खालून तसाच वाटतोय सर, पण वरून हा पातळ आहे. माझा जाड होता, इथं मऊ होतं." त्याने घोट्याखालच्या कडेवर बोट ठेवलं. मी म्हटलं वापरून दबला असेल. पण वापरून दबलेली कड पातळ होते, आणि इथे तर जास्त वापरलेला त्याचा बूट जाड होता.

त्याला मी त्या रेघा दाखवल्या. तो म्हणाला, "ते तर स्टँडवरच्या काकांनी शिवलंय."

पावसाच्या सुरुवातीला कापड सोलपासून सुटलं होतं आणि त्याने ते खानापूर स्टँडजवळ शिवून घेतलं होतं. दुपारी आम्ही दोघं त्या काकांकडे गेलो. त्यांचं घराणं निपाणीकडचं, वडील कोल्हापुरी चप्पल करायचे. फोन हातात घेऊन त्यांनी डोळ्याजवळ नेला आणि लगेच सांगितलं, "हा आरीचा टाका आहे. मशीनचा असा पडत नाही. मेणाचा दोरा आहे म्हणून चमकतोय." मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी सुचायला हवं होतं: "दोरा कुठनं निघालाय ते बघा की. हा खालनं निघालाय."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. 36 च्या दोऱ्या वरून, लेसच्या भोकांपासून निघतात. प्रत्येक दोरी एका भोकाशी बांधलेली असते आणि खाली जाताना एकमेकींपासून थोडी फाकत जाते. फोटोतल्या रेघा सोलच्या कडेला सुरू होऊन बोटभर उंचीवर संपतात, भोकांपर्यंत पोचतच नाहीत. शिवाय त्या सोलच्या कडेच्या अंगाने पुढे सरकतात, म्हणजे ती ओळ आहे, पंखा नाही. मी रेघा आहेत एवढंच बघितलं, त्या कुठून कुठे जातात ते बघितलं नाही.

काका बोलता बोलता म्हणाले की चप्पल कुणाची ते तेसुद्धा तळाच्या थरांवरून आणि कडेच्या शिलाईवरून ओळखतात. पट्टा आणि रंग गिऱ्हाईक सांगेल तसे बदलतात. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकचेही चार जिल्हे आहेत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं.

परत येऊन फोटो नव्याने बघितला. घोट्याभोवतीच्या कडेची जाडी पायमोज्याच्या रेषेशी मोजली. 14 नंबरच्या जोडात तीच कड स्पष्टपणे बारीक आहे. 36 ला जीभ आणि घोट्याची कड दोन्ही पातळ केल्या होत्या. म्हणजे मुलाच्या बोटांनी सांगितलेली गोष्ट फोटोतही होती, माझं लक्ष रेघांवर असल्याने ती सुटली.

दोन खुणा आता एकाच दिशेला आहेत: उघड्या दोऱ्या नाहीत, कड जाड आहे. पेगासस 35.

यापुढे वहीत नियम असा: वरच्या कापडावरची कुठलीही एक खूण धरून नाव लिहायचं नाही. आणि फोटो बघायच्या आधी मालकाला विचारायचं की बूट कुठे शिवला, चिकटवला, लेस बदलली का.

गुरुवार, 19 सप्टेंबर

परवा बेळगावचं विसर्जन उशिरापर्यंत चाललं, काल झोप काढली. आज रंगाचा प्रश्न घेतला.

रंग कळला तर कोड पूर्ण होतो. त्या काळातल्या नाइकीच्या कोडमध्ये पहिला भाग मॉडेलचा आणि आडव्या रेघेनंतरचे तीन आकडे रंगाचे. पुरुषांच्या पेगासस 35 चा पहिला भाग `942851`, बायकांच्या 35 चा `942855`. फोटोतलं कापड काळं, चिन्ह पांढरट आणि सोल मात्र फिकट तांबूस दिसतो. तांबूस सोलचा काळा 35 निघाला होता का, यात अर्धा तास घालवला.

मग फोटोतच उत्तर दिसलं. बुटाच्या मागे धावपट्टीची चुन्याची फक्की आहे. फक्की पांढरी असते हे नक्की. संध्याकाळच्या उन्हात ती फोटोत पिवळसर दिसतेय, आणि बुटावरचं चिन्हही तितकंच पिवळसर आहे. म्हणजे चिन्ह पांढरं, पिवळेपणा उन्हाचा. सोल मात्र त्या दोघांपेक्षा जास्त तांबूस आहे, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. साच्याच्या खोलगट रेघांत गडद, उंचवट्यांवर फिका. रंग फोममध्येच असता तर तो उंचवट्यावरही तेवढाच दिसला असता. ही खानापूरची तांबडी माती आहे. जूनच्या पहिल्या पावसात त्या मैदानावर पळालेला कुठलाही पांढरा सोल असाच होतो, आणि धुतला तरी फोमच्या बारीक छिद्रांत रंग राहतो. अथणीकडच्या काळ्या रानात पळणाऱ्या मुलाचा हाच बूट राखाडी दिसला असता.

एवढं कळूनही शेवटचे तीन आकडे मी वहीत लिहिले नाहीत. काळ्या-पांढऱ्यात कडांचे, आतल्या अस्तराचे बारीक फरक असलेले वेगवेगळे कोड असतात आणि अस्तर या फोटोत पायाने झाकलंय. लेसही मूळची नाही, ती त्याने बदललीय, म्हणून लेसच्या रंगावरूनही काही म्हणता येत नाही.

पुरुषांचा की बायकांचा, हेसुद्धा या फोटोवरून ठरत नाही. दोघांचा बांधा बाजूने एकच दिसतो. माप विचारलं तर मुलाने "8 होतं" असं सांगितलं, पण ते ब्रिटिश की अमेरिकन, ते त्या कापलेल्या पट्टीबरोबर गेलं. आपल्याकडे दुकानात सहसा ब्रिटिश माप बोलतात, पुण्याचा सहकारी बाहेरून आणलेल्या बुटाचं अमेरिकन माप बोलला असेल. पुरुषांच्या बुटात नाइकीच्या या दोन मापांत एका अंकाचा फरक पडतो. बूट हातात येईपर्यंत तो रकाना रिकामा.

रविवार, 22 सप्टेंबर

थोडंसंच. भावाला निरोप दिला की बूट ट्रॅव्हल्सने पाठव, पण त्याआधी चार फोटो काढून दे. कसे काढायचे ते त्याला असं सांगितलं: बूट टेबलाच्या कडेला ठेव, फोन सोलच्या उंचीला धर, पाच-सहा पावलं मागे जा आणि तिथून झूम कर. बाहेरची बाजू, आतली बाजू, तळ, आणि आतली गादी काढून आतला भाग. शेजारी पांढरा कागद ठेव. खिडकीच्या उजेडात काढ, ट्यूबलाइटखाली नको.

त्याने तीनच पाठवले आणि तेही जवळून. तळाचा फोटो मात्र चांगला आला.

रविवार, 29 सप्टेंबर

बूट आले.

14 नंबरच्या जोडाशेजारी उलटे ठेवून तळाच्या रबराचा एकेक खुंट मोजत गेलो. नाकापासून टाचेपर्यंत आखणी एकच. अपेक्षा तीच होती, सोल एकच असल्यामुळे यावरून 35 की 36 ते कळत नाही, पण बूट या दोघांबाहेरचा नाही हे पक्कं होतं.

मग वरचं कापड. शिलाई बोटाने चाचपली, काकांचाच टाका, खालून निघून बोटभर वर संपणारा. लेस ओढून बघितली. 36 मध्ये लेस ओढताच बाहेरच्या दोऱ्या ताठ होताना दिसतात. इथे वर काहीच ताठ झालं नाही, जाळी सलग राहिली. घोट्याची कड दोन बोटांत धरली तर 14 नंबरपेक्षा स्पष्ट जाड. 35 कायम.

आता एक प्रश्न राहिला होता, जो बाजूच्या फोटोवरून सुटत नाही: बूट खरा आहे की फर्स्ट कॉपी. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या नकला बाजूने बघितल्या तर फार जवळ जातात, कारण नक्कल करणाराही विक्रीचा तोच बाजूचा फोटो समोर ठेवतो. फरक बहुधा आत राहतो. 35 मध्ये टाचेपासून नाकापर्यंत हवेची एक वाकडी सलग पिशवी फोमच्या आत बसवलेली असते. ती बाहेरून दिसत नाही, पण दाबली की जाणवते. गादी काढून अंगठ्याने टाचेपासून पुढे दाबत गेलो. दोन्ही जोडांत तळ सारखाच परत उसळतो. साध्या फोमच्या नकलेत अंगठा रुततो आणि हळू वर येतो. मुलाने सांगितलेलं "खालून तसाच" हेही याच्याशी जुळतं. मी वहीत "खरा, हाताने तपासलेला" असं लिहिलं. नुसत्या फोटोवरून असतं तर हा रकाना मी कोरा ठेवला असता, आणि पुढेही तसाच ठेवणार.

माप: काढलेली गादी 14 नंबरच्या गादीवर ठेवली. 14 नंबर पट्टीप्रमाणे ब्रिटिश 8 आहे. ही गादी जवळपास एक सेंटिमीटरने लहान. म्हणजे मुलाने सांगितलेलं 8 हे अमेरिकन, ब्रिटिश 7. भावाच्या सहकाऱ्याने अमेरिकन मापच सांगितलं असणार.

हे कळणं सगळ्यात उपयोगाचं निघालं. जुलैनंतर तो दुकानातून ब्रिटिश 8 चे बूट घेऊन पळत होता, पायात एक माप मोठे. नडगी दुखण्यामागे ते एक कारण असू शकतं. त्याला दवाखान्यात दाखवून यायला सांगितलंच आहे, पण मोठ्या मापाचे बूट आजपासून बंद.

रविवार, 6 ऑक्टोबर

ओळख पटली, पण तोच बूट आणून देता येत नाही. 35 बंद होऊन बरीच वर्षं झाली. कुठे न वापरलेला जोड सापडला तरी 2018-19 चा फोम आणि गोंद इतकी वर्षं पडून राहिल्यावर भरवशाचा नसतो. फोम कडक होतो, गोंद पहिल्या पावसात सोडतो. असा बूट पूर्ण किमतीला घेऊ नकोस, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

त्याऐवजी सोलच्या जोडीचा उपयोग केला. खालून त्याला जे मानवत होतं ते 36 मध्ये तसंच आहे. 37 पासून फोम वेगळा आणि हवेची पिशवी फक्त पुढच्या भागात, म्हणजे "नवीन पेगासस घे" हा सल्ला त्याच्या बाबतीत वरवर बरोबर असूनही पायाला वेगळाच बूट देणारा ठरला असता. बेळगावातल्या एका पळणाऱ्या ताईंनी त्यांच्या भावाचा 36 दिला, ब्रिटिश 7, पट्टी शाबूत, टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यावरचं रबर अजून निम्म्यापेक्षा जास्त. वरून पातळ असल्याने त्याला जाड मोजे घालायला आणि लेस वरच्या एका भोकातून सैल सोडायला सांगितलं.

आज सकाळी त्याने मैदानावर चार फेऱ्या मारल्या. नडगीबद्दल विचारलं तर म्हणाला, "अजून जरा आहे, पण परवासारखं नाही."

जुन्या 35 च्या जिभेच्या आत, पट्टी जिथे होती तिथे, मी कापडावरच्या पेनाने लिहिलं: `942851`, पुढे प्रश्नचिन्ह, ब्रिटिश 7, शिवलेला. प्रश्नचिन्ह रंगाच्या तीन आकड्यांसाठी आहे; अमेरिकन 8 आणि ब्रिटिश 7 हा एका अंकाचा फरक पुरुषांच्या मापात पडतो, म्हणून पहिला भाग पुरुषांचा धरला. वहीत हा जोड 27 नंबरला गेला. नव्या 36 ची पट्टीही त्याच्या घोट्याच्या वर घासतेय, पण ती कापायची नाही असं त्याने कबूल केलंय. काकांनी तिच्यावर पातळ कातड्याचा तुकडा एका बाजूने उघडा राहील असा शिवून दिला, म्हणजे उचलून वाचता येईल.

28 नंबर कालच आलाय. नंदगडच्या एका मुलीने फोटो पाठवलाय, पण तो आतल्या बाजूचा आहे. तिला बाहेरच्या बाजूचा मागितला आहे.